नाव वाक्यात की कंसात? आढावा प्रकरणाच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ जून

माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, आज मार्गदर्शक मॅडमकडून परत आले. संदर्भांत चुका नाहीत. वर्षे बरोबर आहेत, सूचीशी सगळे जुळते. फक्त भाग २.३ च्या शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे: "हा परिच्छेद कोणाबद्दल आहे? संशोधकांबद्दल की आठवणीबद्दल?"

परिच्छेद असा होता:

"एबिंगहाउस (१८८५/१९१३) यांनी विस्मरणाचा अभ्यास केला. रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांनी उतारे वाचायला देऊन प्रयोग केला. सेपेडा व इतर (२००६) यांनी विभागून केलेल्या सरावावरील संशोधनाचा आढावा घेतला. कार्पिकी आणि ब्लंट (२०११) यांनी आठवून पाहण्याची तुलना संकल्पना-नकाशांशी केली. डनलॉस्की व इतर (२०१३) यांनी अभ्यासाची दहा तंत्रे तपासली. मुरे आणि ड्रोस (२०१५) यांनी एबिंगहाउस यांचा प्रयोग पुन्हा केला."

सहा वाक्ये आणि सहाही वाक्ये नावाने सुरू होतात. क्रम लावला आहे तो केवळ वर्षांवरून. कोणी काय केले ते यात आहे, पण काय निघाले ते एकाही वाक्यात नाही. भागाचा विषय आहे 'शिकलेले टिकते कसे', आणि त्या विषयाचे एकही विधान या परिच्छेदात नाही. पेन्सिलीतला प्रश्न अगदी नेमका आहे.

कारणही दिसते आहे. प्रत्येक लेख वाचून झाला की मी वहीत "अमुक यांनी अमुक केले" अशी एक ओळ लिहीत होते. त्या ओळी एकाखाली एक ठेवल्या आणि त्यांनाच परिच्छेद म्हटले. वहीत ते ठीक होते, कारण तिथे मला लेख लक्षात ठेवायचे होते. वाचणाऱ्याला लेखांशी काही देणेघेणे नाही, त्याला मुद्दा हवा आहे.

४ जून

आज दुसरे टोक करून पाहिले. सगळी नावे उचलून कंसात टाकली:

"शिकलेले सुरुवातीला वेगाने विसरले जाते (एबिंगहाउस, १८८५/१९१३; मुरे आणि ड्रोस, २०१५). आठवून पाहिल्याने ते जास्त टिकते (कार्पिकी आणि ब्लंट, २०११; रोडिगर आणि कार्पिकी, २००६). सराव विभागून केल्यास फायदा होतो (सेपेडा व इतर, २००६). नुसते पुन्हा वाचणे फारसे उपयोगी नाही (डनलॉस्की व इतर, २०१३)."

वाचायला हे कितीतरी बरे. वाक्यांचे कर्ते आता 'शिकलेले', 'सराव', 'पुन्हा वाचणे' असे आहेत, म्हणजे ज्याबद्दल बोलायचे तेच वाक्यात पुढे आले आहे. दुपारपर्यंत मी यावर खूश होते.

संध्याकाळी मूळ लेख शेजारी ठेवून वाचले तेव्हा काय हरवले ते कळले. एबिंगहाउस यांनी प्रयोग स्वतःवरच केला होता. प्रयोग करणारा तोच आणि निरर्थक अक्षरगट पाठ करणाराही तोच. माझ्या वाक्यात ते एक सर्वमान्य सत्य होऊन बसले आहे, जणू हजारो लोकांवर तपासलेले. मुरे आणि ड्रोस यांच्याही प्रयोगात शिकणारी व्यक्ती एकच होती. रोडिगर आणि कार्पिकी यांना तर सुरुवातीच्या परीक्षेत उलटाच निकाल मिळाला होता, तो माझ्या "जास्त टिकते"मध्ये कुठेच नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एकट्याचा प्रयोग आणि शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा, दोन्हींना सारखेच सपाट वाक्य आणि सारखाच कंस.

तेव्हा सगळी नावे वाक्यात किंवा सगळी कंसात, असे करून चालणार नाही. प्रत्येक संदर्भासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागेल.

६ जून

निर्णय घ्यायला एक कसोटी ठरवली. वाक्यातून संशोधकाचे नाव काढून टाकायचे आणि पाहायचे, वाक्याचा अर्थ कमी झाला का? कमी झाला तर नाव वाक्यात. नाही झाला तर कंसात.

एबिंगहाउस: नाव काढले की 'स्वतःवर' हा शब्द लटकतो. इथे माणूस हाच माहितीचा भाग आहे. वाक्यात.

ब्योर्क (१९९४): 'इष्ट अडचणी' ही संज्ञा त्यांची. शिकताना थोडे जड गेले तर पुढे फायदा होतो, ही कल्पना त्या नावाने ओळखली जाते. संज्ञा कोणाची हे सांगणे हेच वाक्याचे काम आहे, म्हणून वाक्यात. ही संज्ञा पुढे तिसऱ्या प्रकरणात पुन्हा येते. तिथे ती ओळखीची झालेली असेल, तेव्हा कंस पुरेल. एकच स्रोत एका जागी वाक्यात आणि दुसऱ्या जागी कंसात येऊ शकतो, हे आज पहिल्यांदा स्पष्टपणे लक्षात आले. आतापर्यंत मी नकळत प्रत्येक स्रोताला एकच पद्धत चिकटवून टाकत होते.

सेपेडा व इतर (२००६): हा आढावा मोठा आहे, १८४ लेखांतले ३१७ प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. इथे वजन आहे ते या आकड्यांना. पाच लेखकांपैकी पहिल्याचे नाव वाक्यात आल्याने वाचणाऱ्याला काही मिळत नाही. म्हणून: "सराव विभागून केल्याचा फायदा ३१७ प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यातही दिसतो (सेपेडा व इतर, २००६)." नाव कंसात गेले, पण पुराव्याची जात वाक्यात राहिली. ४ तारखेच्या वाक्यात नेमके हेच सुटले होते. नाव कंसात जाते तेव्हा 'एकत्रित आढावा', 'एकाच व्यक्तीवरचा प्रयोग', 'वर्गातील प्रयोग' असे दोन शब्द वाक्यात ठेवायचे, म्हणजे सगळे पुरावे एका मापाचे वाटत नाहीत.

मुरे आणि ड्रोस: यावर बराच वेळ गेला. पुन्हा केलेला प्रयोग ही घटना महत्त्वाची आहे, पण ती ज्याच्या संदर्भात महत्त्वाची ते नाव एबिंगहाउस. एकाच वाक्यात तीन आडनावे आली की कोणी काय केले याचा गुंता होतो. शेवटी एबिंगहाउस वाक्यात आणि मुरे–ड्रोस कंसात.

९ जून

आज जे सापडले ते इंग्रजीतल्या कोणत्याही शैलीपुस्तिकेत मिळणार नाही, कारण ते मराठीच्या व्याकरणातले आहे.

नाव वाक्यात घेतले की त्याला विभक्ती लागते, आणि ती विभक्ती क्रियापद ठरवते. 'दाखवले', 'मांडले', 'तपासले' यांना "यांनी" लागते. 'आढळले', 'दिसले' यांना "यांना" लागते. मत सांगायचे तर "यांच्या मते". माझ्या मसुद्यात हे वाक्य होते:

"कार्पिकी आणि ब्लंट (२०११) यांनी विज्ञानाचे उतारे वापरून प्रयोग केला आणि आठवून पाहणाऱ्यांची कामगिरी सरस असल्याचे आढळले."

'यांनी प्रयोग केला' इथवर ठीक. पण 'यांनी आढळले' होत नाही. वाक्याच्या मध्यावर कर्ता निसटला आहे. वाचताना काहीतरी अडल्यासारखे होते, पण कुठे ते चटकन सापडत नाही. दुरुस्तीचे दोन मार्ग. एक, "आणि त्यांना … आढळले" असा नवा कर्ता द्यायचा. दुसरा, दोन्ही क्रियापदे एकाच जातीची करायची: "यांनी … प्रयोग केला आणि आठवून पाहणाऱ्यांची कामगिरी सरस असल्याचे दाखवले." मला दुसरा बरा वाटला, वाक्य एका दमात जाते. प्रकरणभर शोधले तर अशी आणखी चार वाक्ये निघाली.

"यांच्या मते" हे मी फार सैल हाताने वापरले आहे. "रोडिगर आणि कार्पिकी यांच्या मते आठवड्यानंतर जास्त लक्षात राहते." हे त्यांचे मत नाही, ते त्यांना प्रयोगात मिळालेले आहे. 'मते' म्हटल्याबरोबर निष्कर्षाचे मत होते आणि वाचणाऱ्याला वाटते की इतरांचे मत वेगळे असू शकेल. उलट, ब्योर्क यांची 'इष्ट अडचणी' ही मांडणी आहे, तिथे "मांडतात" किंवा "यांच्या मते" योग्य. आठ ठिकाणी 'मते' होते, पाच काढले.

'सिद्ध केले' सगळीकडून काढले. एकाही लेखाने तो दावा स्वतःबद्दल केलेला नाही.

क्रियापद निवडताना आधी नाव लिहून मग क्रियापद शोधायचे, ही माझी सवय होती. आता आधी ठरवते: त्यांनी काही केले, त्यांना काही मिळाले, की ते काही म्हणतात? त्यावरून क्रियापद, आणि क्रियापदावरून 'यांनी', 'यांना' की 'यांच्या मते'.

१० जून

कंसाची जागा. छोटी नोंद, पण लिहून ठेवते.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये कंस घालता येत नाही. "पुनर्वाचन (डनलॉस्की व इतर, २०१३)पेक्षा" असे मी एका जागी खरोखरच लिहिले होते. आधी पूर्ण पद, मग कंस: "पुनर्वाचनापेक्षा (डनलॉस्की व इतर, २०१३)". तरीही ओबडधोबड वाटले तर कंस वाक्याच्या शेवटी न्यायचा, क्रियापदानंतर आणि पूर्णविरामाच्या आधी.

वाक्यातल्या नावाच्या बाबतीत 'यांनी' हा शब्द फार कामाचा आहे. "कार्पिकींनी (२०११)" म्हटले तर प्रत्यय लागून मूळ आडनाव बदलते आणि सूचीत शोधताना अडचण येते. "कार्पिकी आणि ब्लंट (२०११) यांनी" म्हटले की नाव सूचीत आहे तसेच राहते, वर्ष नावाला चिकटून राहते आणि विभक्तीचा भार 'यांनी' उचलतो. 'सेपेडा व इतरांनी (२००६)' हेही त्याच कारणाने 'सेपेडा व इतर (२००६) यांनी' असे केले.

"रोडिगर आणि कार्पिकी (२००६) मध्ये असे म्हटले आहे" ही रचना दोनदा सापडली, दोन्ही काढल्या. माणसांच्या 'मध्ये' काही म्हटलेले नसते. लेखाबद्दल बोलायचे असेल तर 'यांच्या लेखात' म्हणावे.

१२ जून

आजचा पूर्ण दिवस एका प्रयोगावर गेला. रोडिगर आणि कार्पिकी यांचा प्रयोग हा या भागाचा कणा आहे, तो एका ओळीत उरकता येणार नाही. प्रयोग उलगडून सांगायचा तर नाव वाक्यात हवे, हे ठरले होते. पहिला मसुदा:

"रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांनी एका गटाला उतारा पुन्हा वाचायला सांगितला, तर दुसऱ्या गटाला आठवून लिहायला सांगितला. रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांच्या अभ्यासात असे दिसून आले आहे की, आठवून लिहिणाऱ्या गटाच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिले (रोडिगर आणि कार्पिकी, २००६)."

तीन वाक्यांत चार वेळा तेच नाव, आणि शेवटच्या वाक्यात तर नाव वाक्यातही आहे आणि कंसातही. स्रोत नीट दिला नाही असा आरोप येऊ नये या भीतीने मी असे लिहिते, हे मला माहीत आहे. पण नियम इतका कडक नाही. मी वापरते ती एपीए शैली (सातवी आवृत्ती) सांगते की, परिच्छेदात एकदा नाव वर्षासह वाक्यात आले की त्याच परिच्छेदात पुढे वाक्यात नाव घेताना वर्ष पुन्हा देण्याची गरज नाही. कंसातल्या संदर्भात मात्र वर्ष प्रत्येक वेळी हवे. आणि सलग वाक्ये त्याच प्रयोगाबद्दल आहेत हे स्पष्ट असेल, तर प्रत्येक वाक्याला संदर्भ जोडावा लागत नाही.

मग "अभ्यासात असे दिसून आले आहे की". यातले 'अभ्यासात', 'असे', 'दिसून', 'आले', 'आहे', 'की' हे सहा शब्द निकालाच्या आधी येतात आणि निकालाबद्दल काहीच सांगत नाहीत. मराठीत आपल्याला सोय आहे. 'की' वापरले तर स्रोत आधी येतो आणि मुद्दा नंतर. 'असे' किंवा 'असल्याचे' वापरले तर मुद्दा आधी आणि स्रोत नंतर. "आठवून पाहणे सरस असल्याचे कार्पिकी आणि ब्लंट (२०११) यांनी दाखवले" या वाक्यात नाव वाक्यातच आहे, तरी वाक्य सुरू होते ते मुद्द्याने. नाव वाक्यात घ्यायचे म्हणजे ते सुरुवातीलाच हवे असे नाही, हे माझ्या डोक्यात इतके दिवस आले नव्हते. ३ तारखेच्या परिच्छेदातला अर्धा दोष नावे वाक्यात असण्याचा नव्हता, ती प्रत्येक वेळी पहिल्या जागी असण्याचा होता.

याला मर्यादा आहे. मुद्दा लांबलचक असेल तर 'असे' रचनेत वाचणारा क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर ते विधान माझे आहे असे समजून वाचत राहतो आणि शेवटी कळते की ते दुसऱ्याचे. दहा-बारा शब्दांपर्यंत चालते. त्याहून लांब असेल तर 'की' बरा, किंवा वाक्य तोडावे.

नवीन मसुदा लिहिताना मूळ लेख पुन्हा उघडला आणि बरे झाले उघडला. मी 'एक गट' आणि 'दुसरा गट' असे लिहिले होते. त्या पहिल्या प्रयोगात वाचणे आणि आठवणे यांसाठी दोन गट नव्हतेच. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन उतारे वाचले, त्यांतला एक पुन्हा वाचला आणि दुसरा आठवून लिहिला. गट पाडले होते ते शेवटची परीक्षा किती वेळाने घ्यायची यावरून: पाच मिनिटे, दोन दिवस, आठवडा. कंसातल्या संदर्भामागे ही चूक वर्षभर लपून राहिली असती. वाक्यात "यांनी असे केले" म्हणायची वेळ आली तेव्हाच ती बाहेर आली.

आता असे आहे:

"रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांनी विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे वाचायला दिले, त्यांपैकी एक पुन्हा वाचून घेतला, तर दुसरा न पाहता आठवून लिहून घेतला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. आठवून लिहिलेल्या उताऱ्यातले ५६ टक्के लक्षात होते, पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के."

नाव एकदाच. दुसऱ्या वाक्यापासून कर्ता संशोधक नाही, उतारा आहे. तरीही हे आकडे कुठले याबद्दल शंका राहत नाही, कारण मध्ये दुसरा कोणी आलेला नाही. मध्ये सेपेडा यांचे वाक्य घातले असते तर आकड्यांपाशी संदर्भ पुन्हा द्यावा लागला असता. म्हणून सेपेडा यांचे वाक्य खाली ढकलले.

१३ जून

कंस किती वाक्य गिळतो, याची तपासणी.

"आठवून पाहिल्याने शिकलेले जास्त टिकते आणि म्हणून छोट्या चाचण्यांची संख्या वाढवायला हवी (कार्पिकी आणि ब्लंट, २०११; रोडिगर आणि कार्पिकी, २००६)."

पहिला अर्धा भाग त्यांचा, दुसरा माझा. कंस शेवटी असल्याने माझी शिफारस त्यांच्या नावावर गेली. कंस 'टिकते'नंतर आणला आणि पुढचे वेगळे वाक्य केले: "त्यावरून छोट्या चाचण्यांची संख्या वाढवावी, असे प्रस्तुत अभ्यासात सुचवले आहे." 'त्यावरून' या शब्दापाशी आवाज बदलतो, हे वाचणाऱ्याला कळते.

याचाच भाऊ: "विभागून केलेला सराव आणि आठवून पाहण्याचा सराव ही दोन्ही तंत्रे परिणामकारक आहेत (सेपेडा व इतर, २००६; रोडिगर आणि कार्पिकी, २००६)." दोन्ही स्रोत दोन्ही तंत्रांबद्दल बोलतात असे यातून वाटते, पण सेपेडा यांचा आढावा फक्त पहिल्याबद्दल आहे. कंस फोडून ज्याचा त्याच्या शेजारी ठेवला: "विभागून केलेला सराव (सेपेडा व इतर, २००६) आणि आठवून पाहण्याचा सराव (रोडिगर आणि कार्पिकी, २००६) ही दोन्ही तंत्रे …" कंसांनी वाक्य थोडे अडखळते, हे मान्य आहे. पण खरे सांगायचे तर या वाक्याला दोन कंसांची गरजच नव्हती. दोन्ही तंत्रांना सर्वांत वरची श्रेणी देणारा एक स्रोत माझ्याकडे आहे. "तपासलेल्या दहा तंत्रांपैकी ही दोनच अधिक उपयुक्त ठरली (डनलॉस्की व इतर, २०१३)." वाक्य अडखळले की कंस हलवण्याआधी पाहावे, स्रोत चुकीचा तर निवडला नाही ना.

१६ जून

रोडिगर आणि कार्पिकी यांचे २००६ चे दोन लेख माझ्या सूचीत आहेत. एक प्रयोगाचा, दुसरा त्या विषयावरच्या संशोधनाचा आढावा. आजवर दोन्हींना नुसते २००६ लिहिले होते. दोघांना वेगळे करायला वर्षापुढे अक्षर हवे. मी प्रयोगाला 'अ' आणि आढाव्याला 'ब' दिले, कारण प्रयोग माझ्या प्रकरणात आधी येतो. ते चूक. अक्षर शीर्षकांच्या वर्णक्रमाने ठरते. आढाव्याचे इंग्रजी शीर्षक 'द पॉवर' असे सुरू होते, सुरुवातीचा 'द' क्रमात धरत नाहीत. प्रयोगाचे 'टेस्ट' असे सुरू होते. इंग्रजी वर्णमालेत पी हे अक्षर टीच्या आधी, म्हणून आढावा २००६अ आणि प्रयोग २००६ब.

बदल करताना आधी सगळे 'अ' शोधून 'ब' केले, आणि त्या क्षणी दोन लेखांतला फरक फाइलमधून पुसला गेला. अकरा जागा एकेक करून मूळ लेखाशी ताडून पाहाव्या लागल्या. अशा अदलाबदलीत मध्ये एक तिसरी खूण वापरायची: 'अ'चे आधी '#', मग 'ब'चे 'अ', मग '#'चे 'ब'.

यामुळे १२ तारखेचा एक निर्णयही बदलतो. त्याच लेखकांची दोन कामे प्रकरणात असतील तर वर्ष गाळायची सवलत घेता येत नाही, नाहीतर कोणते काम ते कळणार नाही. माझ्या परिच्छेदात नाव एकदाच आहे, म्हणून तिथे फक्त (२००६ब) करून भागले. पुढच्या पानावर मात्र "रोडिगर आणि कार्पिकी यांनी" असे वर्षाविना होते, तिथे वर्ष परत घातले. दोन ठिकाणी नावाऐवजी "याच प्रयोगात" केले. तिथे ना नाव लागते ना वर्ष.

एका कंसातल्या अनेक स्रोतांचा क्रमही आज ठरवून टाकला. मराठी वर्णक्रमाने डनलॉस्की, रोडिगर, सेपेडा. रोमन वर्णक्रमाने सेपेडा, डनलॉस्की, रोडिगर. माझी सूची रोमन लिपीत आहे, कारण सगळे लेख इंग्रजीत आहेत. कंसातला क्रम सूचीच्या क्रमाप्रमाणे, म्हणजे रोमन.

१८ जून

वर्गमैत्रिणीला भाग २.३ मोठ्याने वाचायला दिला. "दोनदा वाच," म्हटले. "पहिल्यांदा कंस वगळून, दुसऱ्यांदा कंसांसकट."

पहिल्या वाचनात वाक्ये कंसांवाचून पूर्ण उभी राहायला हवीत. एका जागी ती थांबली: "या निष्कर्षाला पुढे (मुरे आणि ड्रोस, २०१५) दुजोरा दिला." कंस काढला की वाक्याला कर्ताच उरत नाही. कंसातल्या नावाला मी वाक्यातले काम दिले होते. दुसऱ्या वाचनात ती म्हणाली, "इथे मला श्वास घ्यायला जागा नाही." तिथे एका कंसात पाच स्रोत होते. पाचपैकी तीन एकाच गोष्टीची साक्ष देत होते, त्यांतला सर्वांत भक्कम ठेवून दोन काढले.

तिने एक प्रश्न विचारला त्याने मला वाक्य बदलावे लागले. "एबिंगहाउस यांचा प्रयोग कधीचा? तू १९१३ही लिहिले आहेस." कंसातल्या (१८८५/१९१३) चा अर्थ मूळ प्रकाशन आणि मी वाचलेला इंग्रजी अनुवाद असा आहे, पण वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असे नाही. काळ हाच इथे मुद्दा असल्याने शतक वाक्यात आणले.

२० जून

भाग २.३ चा पहिला परिच्छेद आज मॅडमकडे पाठवला. हा:

"शिकलेले किती वेगाने विसरले जाते याचे पहिले पद्धतशीर मोजमाप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एबिंगहाउस (१८८५/१९१३) यांनी स्वतःवरच केले. सुरुवातीला झपाट्याने उतरणारी आणि मग सपाट होत जाणारी तीच वक्ररेषा पुढे एकाच व्यक्तीवर पुन्हा केलेल्या प्रयोगातही मिळाली (मुरे आणि ड्रोस, २०१५). ही घसरण रोखायची कशी, याचे सहज सुचणारे उत्तर म्हणजे पुन्हा वाचणे. मात्र अभ्यासाच्या दहा तंत्रांच्या आढाव्यात पुनर्वाचनाची उपयुक्तता कमी ठरली (डनलॉस्की व इतर, २०१३). न पाहता आठवून पाहणे हे वाचण्यापेक्षा जड जाते, आणि शिकताना जाणवणाऱ्या अशा जडपणाला ब्योर्क (१९९४) यांनी 'इष्ट अडचणी' असे नाव दिले."

यानंतर रोडिगर आणि कार्पिकी यांचा परिच्छेद. पाच वाक्यांत दोन नावे वाक्यात आहेत, दोन कंसात, आणि मधले एक वाक्य माझे, त्याला संदर्भ नाही. एकही वाक्य नावाने सुरू होत नाही.

दुपारी उत्तर आले. पेन्सिलीची एकच खूण: तिसऱ्या वाक्यातल्या 'सहज सुचणारे'खाली रेघ आणि प्रश्न, "कोणाला?" विद्यार्थी खरोखर पुन्हा वाचण्यावरच भर देतात का, यावर सर्वेक्षणे झालेली आहेत. म्हणजे ते वाक्य माझे राहू शकत नाही, त्याला स्रोत लागेल. उद्या तो शोधायचा. नाव कंसातच जाईल असे आत्ता वाटते आहे, पण लेख वाचल्याशिवाय ठरवत नाही.